नीचीचा रवी नऊ रूपे आणि उच्चीचा शनी साडेसात : मग पत्रिकेतला बलवान ग्रह कोणता?

गोदाकाठ

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या पत्रिकेवरून घरात एक पेच उभा राहिला आहे, म्हणून हा धागा काढते आहे. भावाचा जन्म १९८३ सालच्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी, नाशिकमध्येच झाला. मकर लग्न आहे. दशमात तूळ राशीत रवी सुमारे साडेसतरा अंशांवर आणि शनी पंधरा अंशांच्या जरा अलीकडे आहे. अमावास्या असल्यामुळे चंद्रही तिथेच आहे. सध्या त्याची शनीची महादशा चालू आहे.

लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की लग्नेश शनी दशमात उच्चीचा आहे, शश योग आहे, हाच पत्रिकेचा कणा आहे. पंचवटीत आमच्या आजोबांच्या ओळखीचे एक वृद्ध ज्योतिषी होते, त्यांनी पत्रिकेच्या मागे शाईने तसे लिहूनही ठेवले होते. गेल्या महिन्यात भाऊ दुसऱ्या एका ज्योतिषांकडे गेला. त्यांनी संगणकावर पत्रिका काढली, षड्बलाचा तक्ता छापून दिला आणि सांगितले की या पत्रिकेत सर्वांत बलवान ग्रह रवी आहे, तेव्हा माणिक घाला. तक्त्यात रवीचे एकूण बल ९ रूपे आहे आणि शनीचे साडेसात. बाकीचे ग्रह या दोघांच्या मागे आहेत.

नीच राशीतला ग्रह त्याच राशीतल्या उच्चीच्या ग्रहापेक्षा बलवान कसा ठरतो, हे मला समजत नाही. तक्ता चुकला आहे, की आम्ही इतकी वर्षे चुकीचे समजत होतो? माणकाची अंगठी घडवायला टाकायची की नाही, हे या उत्तरावर अवलंबून आहे, म्हणून जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अण्णा_देवळाली

ताई, उच्च ते उच्च आणि नीच ते नीच. तूळ ही शनीची उच्च राशी आणि रवीची नीच राशी, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. केंद्रातला उच्चीचा लग्नेश हाच बलवान, त्यात शंका घेण्याचे कारण नाही. आता रवी इतका वर कसा आला, तर त्याचे उत्तर नीचभंगात आहे. जी राशी रवीला नीच, त्या राशीत उच्च होणारा शनी स्वतः केंद्रात बसला आहे, त्यामुळे रवीचा नीचभंग झाला आणि संगणकाने त्याचे गुण वाढवले. माझे मत असे की तक्ता बाजूला ठेवावा आणि आजोबांच्या ज्योतिषांचे ऐकावे.

शुभदा

माझीही तूळ रास आहे आणि मलाही एकाने माणिक सांगितले होते. तुमच्या भावाला साडेसातीत त्रास झाला का? माझी साडेसाती संपल्यावर सर्व सुरळीत झाले, म्हणून विचारते.

गोदाकाठ

शुभदाताई, साडेसाती केव्हाच झाली. प्रश्न पत्रिकेतल्या बलाचा आहे, गोचरीचा नाही. अण्णा, आपले म्हणणे मला मनापासून पटावेसे वाटते, पण तक्त्यात नीचभंग नावाचा रकाना कुठेच दिसत नाही.

जुने_पंचांग

रकाना दिसत नाही, कारण तो नसतोच. अण्णांनी नीचभंगाचा नियम बरोबर सांगितला आहे आणि तो या पत्रिकेला लागूही पडतो, पण त्याचा षड्बलाच्या बेरजेशी संबंध नाही. नीचभंग हा योगविचार आहे, तर षड्बल ही मोजणी आहे. रवीचे गुण कुठून आले हे पाहायचे असेल, तर बेरीज उलगडावी लागेल. गोदाकाठताई, आपल्या तक्त्यात सहा मुख्य बलांचे आणि कालबलाच्या पोटातले आकडे असतील. ते दोन्ही ग्रहांचे द्यावेत.

गोदाकाठ

तक्ता समोर ठेवून लिहिते. आकडे षष्ट्यंशांत आहेत, साठ षष्ट्यंशांचे एक रूप. मोठ्या आकड्यांतले अपूर्णांक सोडून दिले आहेत.

रवी : स्थानबल १४९, दिग्बल ५७, कालबल २५५, चेष्टाबल २१, नैसर्गिक बल ६०, दृग्बल जवळपास शून्य. एकूण ५४२.

शनी : स्थानबल ३०८, दिग्बल २८, कालबल १०४, चेष्टाबल अडीच, नैसर्गिक बल साडेआठ, दृग्बल पुन्हा नगण्य. एकूण ४५१.

रवीच्या कालबलात दिवसाचे ५७, पक्षाचे ५७, त्रिभागाचे ६०, होऱ्याचे ६० आणि अयनाचे २१ असे आकडे आहेत. शनीच्या कालबलात पक्षाचे ५७ आणि अयनाचे ४५ आहेत, बाकी जवळजवळ काही नाही.

जुने_पंचांग

धन्यवाद. आता तक्ता बोलू लागला.

आधी स्थानबल पाहा, कारण उच्च-नीच, स्वगृह, मित्रगृह, वर्गकुंडल्या हे सारे तिथेच मोजले जाते. शनीला तिथे ३०८ मिळाले आहेत आणि रवीला १४९, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आजोबांचे ज्योतिषी जे म्हणत होते ते या एका ओळीत पूर्णपणे उतरले आहे. शनीचे उच्चबल सुमारे ५८, म्हणजे पूर्ण साठाला दोनच कमी, आणि रवीचे जेमतेम अडीच. शिवाय हा शनी नवमांशात कुंभेत, म्हणजे स्वतःच्याच घरी आहे. ग्रहाची प्रतिष्ठा पाहायची तर शनीच श्रेष्ठ, याबद्दल तक्त्याचे आणि अण्णांचे एकमत आहे.

मग रवी पुढे कसा गेला? तो वेळेमुळे गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नाशिकला खरा मध्यान्ह घड्याळातल्या सव्वाबारानंतर तीन-चार मिनिटांनी होतो. १२.५० ला जन्म म्हणजे सूर्य माथ्यावरून नुकताच ढळलेला. दशमात रवीला दिशेचे बल मिळते, म्हणून ५७. भर दुपारी त्याला दिवसाचे बल मिळते, म्हणून आणखी ५७. दिवसाचे तीन भाग केले तर मधला भाग रवीचा, म्हणून ६०. अमावास्येला पापग्रहांना पक्षबल जास्त मिळते आणि या गणितात रवी पापग्रहांत मोडतो, म्हणून ५७. त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्राच्या होऱ्यापासून मोजत गेलो तर सूर्योदयानंतरचा सातवा होरा रवीचा येतो, म्हणून ६०. त्यावर नैसर्गिक बल ६०, जे जगातल्या प्रत्येक पत्रिकेत रवीला मिळतेच.

हे सर्व मिळून साडेतीनशेच्या पुढे गेले. त्यातला एकही गुण रवी तूळ राशीत कसा आहे याबद्दल काही सांगत नाही. त्या दुपारी त्या घटकेला नाशिकमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या रवीला हे गुण मिळाले असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परमोच्च ग्रहाला उच्चबलाचे ६० मिळतात आणि परमनीच ग्रहाला शून्य. म्हणजे उच्च आणि नीच यांतला सगळा फरक ६० गुणांचा, एका रूपाचा आहे. आणि एका होऱ्याचे गुणही ६०च. ज्यांनी ही पद्धत घातली, त्यांनी दोघांना सारखेच वजन दिले आहे. हे पटो वा न पटो, पण तक्ता वाचताना विसरता येत नाही.

अण्णा_देवळाली

नीचभंगाचे माझे विधान मागे घेतो. संगणकाने गुण वाढवले हे मी अंदाजाने लिहिले होते. पण आपल्या शेवटच्या परिच्छेदाने माझा आक्षेप उलट बळकट झाला. एका तासाच्या होऱ्याला जितके गुण, तितकेच परमोच्चाला देणाऱ्या बेरजेवरून पत्रिकेचा प्रमुख ग्रह ठरवायचा, हे मला मान्य होणार नाही. मी चाळीस वर्षे हाताने पत्रिका मांडतो आहे. आधी राशी पाहतो, मग स्थान, मग युती आणि दृष्टी, आणि अस्तंगत आहे का ते. बेरीज कधी केली नाही.

नवशिका_सिडको

माझ्याही पत्रिकेत असेच आहे, म्हणून विचारतो. मकर लग्न आणि सप्तमात कर्केचा गुरू. सर्वांनी हंस योग सांगितला, पण तक्त्यात गुरू आवश्यक बलाच्या खाली दाखवतो. माझाही तक्ता बरोबर असू शकतो का?

जुने_पंचांग

असू शकतो. गुरूला दिग्बल लग्नात पूर्ण मिळते आणि सप्तमात शून्याकडे जाते. आपला गुरू उच्चीचा असला तरी दिशेच्या दृष्टीने सर्वांत निर्बल जागी आहे. तेवढ्यानेच तो खाली जाईल असे नाही, पण गुरूची आवश्यक मर्यादा साडेसहा रूपांची, म्हणजे उंच आहे, आणि एक रूप तिथेच गेले. हंस योग त्यामुळे मोडत नाही. आपल्या पत्रिकेचा तपशील वेगळ्या धाग्यावर द्यावा, म्हणजे इथला विषय तुटणार नाही.

इथे मात्र मला मूळ प्रश्नाकडे यायचे आहे, कारण खरी गफलत अजून सांगायचीच आहे. नऊ आणि साडेसात या आकड्यांची सरळ तुलना करायचीच नसते. प्रत्येक ग्रहाला किती बल लागते, याची मर्यादा वेगळी आहे. बुधाला ७ रूपे लागतात, शनीला ५ पुरतात. साडेसहा रूपांचा बुध अपुरा आणि साडेसहा रूपांचा शनी भरपूर. म्हणून मिळालेल्या बलाला आवश्यक बलाने भागतात आणि जो भागाकार येतो त्यावरून क्रम लावतात.

शनीचा भागाकार : साडेसात भागिले पाच, म्हणजे १.५.

रवीचा भागाकार काढताना मात्र दोन पाठ समोर येतात. बृहत्पाराशर होराशास्त्राच्या प्रचलित प्रतीत रवीची मर्यादा ३९० षष्ट्यंश, म्हणजे साडेसहा रूपे दिली आहे. बी. व्ही. रामन यांच्या ग्रहबलावरच्या पुस्तकात ती ५ रूपे आहे. दोन्ही पाठ वापरात आहेत आणि संगणकाच्या कार्यक्रमांतही दोन्ही आढळतात. पाचाने भागले तर रवी १.८ येतो आणि शनीच्या बराच पुढे जातो. साडेसहाने भागले तर १.३९ येतो आणि शनीच्या मागे पडतो.

ताई, आपल्या भावाच्या पत्रिकेत बलवान ग्रह कोणता, हे उत्तर या एका मर्यादेवर उलटते. ज्यांनी माणिक सांगितले, त्यांनी कोणती मर्यादा घेतली हे तक्त्याच्या खाली पाहावे.

गोदाकाठ

आत्ता पाहिले. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आवश्यक बलाची ओळ आहे आणि रवीखाली ५ छापले आहे. हे कुणी आम्हाला सांगितले नाही, आणि सांगणाऱ्यांना तरी ठाऊक होते की नाही, याची मला आता शंका वाटते. माझ्या वहिनीने अंगठीचे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत.

खगोल_गंगापूर

मी ज्योतिषी नाही. शाळेत भूगोल शिकवतो आणि मुलांना घेऊन गंगापूर धरणाच्या बाजूला आकाशदर्शनाला जातो. पण शनीचे चेष्टाबल अडीच का, एवढे मी सांगू शकतो, कारण ते आकाशात दिसते.

त्या दिवशी शनी सूर्यापासून तीन अंशांच्या आत होता. म्हणजे पृथ्वी एका बाजूला, मध्ये सूर्य आणि शनी त्याच्या पलीकडे. तो सूर्याबरोबर उगवतो, सूर्याबरोबर मावळतो आणि काही आठवडे दिसतच नाही. याच्या उलट, शनी सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा तो वक्री असतो, संध्याकाळी उगवून रात्रभर दिसतो आणि पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो. षड्बलाच्या या भागात समोर आल्यावर पूर्ण साठ आणि सूर्यामागे गेल्यावर शून्य मिळते, असे मी वाचले आहे. मंगळ, गुरू आणि शनी यांच्या बाबतीत हे गणित डोळ्यांना पटते. अण्णा अस्तंगत म्हणून जे वेगळे पाहतात, ते या तीन ग्रहांसाठी चेष्टाबलात आधीच आलेले आहे.

शुक्राबद्दल मात्र मला अडचण वाटते. शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जातो तेव्हा तो वक्रीही असतो आणि सूर्याच्या तेजात लपलेलाही असतो. मग त्याला पूर्ण चेष्टाबल द्यायचे की अस्तंगत म्हणून निर्बल धरायचे?

जुने_पंचांग

सर, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. गणिताप्रमाणे त्या शुक्राला साठाच्या जवळ मिळतात, आणि अस्तंगतत्वासाठी षड्बलात वेगळी वजावट नाही. बुधाचेही तसेच. म्हणून बुध-शुक्रांचे चेष्टाबल पाहताना ते सूर्यापासून किती अंशांवर आहेत हे मी स्वतंत्रपणे पाहतो. काही जण पाहत नाहीत. यावर सर्वमान्य तोडगा मला मिळालेला नाही.

सुलभा_कॉलेजरोड

मी वीस वर्षे पत्रिका पाहते आणि षड्बल नेहमी काढते, पण सर्वांत बलवान ग्रह कोणता हा प्रश्न मी त्या एका बेरजेला कधी विचारत नाही. बेरीज सांगते की ग्रह किती करू शकतो. काय करील, हे ती सांगत नाही. बलवान गडी शेतात राबूही शकतो आणि भांडणात काठीही उचलू शकतो.

त्यासाठी इष्टफल आणि कष्टफल काढतात. हे काम दोन ओळींचे आहे. उच्चबल आणि चेष्टाबल यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचे, ते इष्ट. दोन्ही साठातून वजा करून उरलेल्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचे, ते कष्ट. आपल्या भावाचा रवी घ्या. अडीच गुणिले एकवीस, वर्गमूळ सुमारे ७. हे इष्ट. दुसरीकडे साडेसत्तावन्न गुणिले एकोणचाळीस, वर्गमूळ ४७. हे कष्ट. रवीचे चेष्टाबल इथे काही जण वेगळ्या रीतीने घेतात, पण उच्चबलच इतके तोकडे आहे की निकाल फारसा हलत नाही. हा रवी समर्थ आहे, पण ते सामर्थ्य सुखाचे नाही. तशात मकर लग्नाला तो अष्टमेश. केवळ पहिल्या क्रमांकावर आला म्हणून त्याचे रत्न घालायला सांगणे मला धाडसाचे वाटते.

आता शनी घ्या. अठ्ठावन्न गुणिले अडीच, वर्गमूळ १२. कष्ट दहा-अकरा. म्हणजे उच्चीचा लग्नेश असूनही इष्ट फक्त बारा, कारण तो सूर्याच्या पोटात आहे. त्रास देणारा नाही, पण आजोबांच्या ज्योतिषांनी शाईने लिहिले तेवढा उदारही नाही. माझा अनुभव असा की अशा शनीच्या दशेत पद मिळते, जबाबदारी मिळते, पण श्रेय वरचा माणूस घेऊन जातो. आपल्या भावाला हे लागू पडते का, ते सांगावे.

गोदाकाठ

सुलभाताई, वाचून थोडा वेळ लिहू शकले नाही. भाऊ अंबडच्या एका कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख आहे. रात्री दोन वाजता यंत्र बंद पडले तरी फोन त्यालाच येतो. गेल्या वर्षी त्याने बसवलेल्या नव्या व्यवस्थेसाठी सत्कार झाला, तो त्याच्या वरिष्ठांचा. तो स्वतः याबद्दल बोलत नाही, आम्हाला त्याच्या सहकाऱ्याकडून कळले.

अण्णा_देवळाली

सुलभाताईंच्या लेखनाबद्दल आदर आहे, पण दोन गोष्टी नोंदवतो. पहिली, रवी आणि चंद्र यांना अष्टमेशत्वाचा दोष लागत नाही, असे पाराशरांचेच वचन आहे. तेव्हा अष्टमेश म्हणून रवीला दूर ठेवणे तितके सोपे नाही. दुसरी, वरिष्ठाने श्रेय घेणे हे पाहायला इष्टफल काढावे लागत नाही. शनी रवीच्या तीन अंशांत अस्तंगत आहे, आणि रवी म्हणजे वरिष्ठ, राजा, अधिकारी. शनी राबतो आणि रवी पुढे उभा राहतो. पत्रिका उघडताच हे दिसायला हवे होते, आणि मीही पहिल्या उत्तरात उच्चाच्या भरात अस्तंगतत्वाकडे दुर्लक्ष केले, ही चूक माझी. माझ्या दृष्टीने अजूनही शनीच प्रधान आहे, पण तो झाकलेला प्रधान आहे.

सुलभा_कॉलेजरोड

अण्णा, अष्टमेशाबद्दलचे वचन मला ठाऊक आहे. ते दोष काढते, पण त्यामुळे रवी मकर लग्नाला शुभ होतो असे मी मानत नाही. इथे आपले मत वेगळे राहील. अस्तंगतत्वाचे आपले वाचन मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि आपण दोघे वेगळ्या वाटेने एकाच ठिकाणी पोचलो.

त्र्यंबकवासी

एक व्यावहारिक शंका. रवीला होऱ्याचे ६० गुण मिळाले आहेत. त्या दिवशी नाशिकला सूर्योदय ६.४०च्या दोन-एक मिनिटे मागे-पुढे झाला असेल. सहा होरे संपून सातवा लागतो तो १२.४०च्या सुमारास. जन्म १२.५०चा. म्हणजे जन्मवेळ दहा-बारा मिनिटांनी अलीकडे सरकली, तर होरा मंगळाचा होतो आणि रवीचे एक रूप जाते. ती वेळ कुणी आणि कशी नोंदली होती?

जुने_पंचांग

हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. त्र्यंबकवासींचे गणित बरोबर आहे. लग्न मकरेचे तेरा-चौदा अंश असेल, म्हणून दहा मिनिटांनी लग्न बदलत नाही. त्यासाठी पाऊण तास मागे जावे लागेल. केंद्राचे गुणही तोपर्यंत तसेच राहतात आणि दिग्बल दोन-तीनांनी हलेल. पण होरा मात्र एका मिनिटात साठाचा शून्य होतो. रवी नवावरून आठवर येईल आणि ते साठ मंगळाला मिळतील. साडेसहाच्या मर्यादेने रवीचा भागाकार १.२३ होईल, पाचाच्या मर्यादेने १.६. म्हणजे दोन पाठांतला पेच तसाच राहतो, पण पाचाच्या पाठातही रवीची शनीवरची आघाडी एका दशांशावर येते. शिवाय मंगळाचीही मर्यादा पाचच आहे, तेव्हा तो या दोघांच्या किती जवळ येतो हेही पाहावे लागेल. इतक्या थोड्या आघाडीवर मी कुणाला रत्न सांगणार नाही.

गोदाकाठ

आईला विचारले. तिला एवढेच आठवते की जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाल्यावर थोड्या वेळाने बाळ रडले, आणि सुईणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पावणेएक सांगितले. दवाखान्याच्या चिठ्ठीवर १२.५० आहे. भोंगा साडेबाराचा होता. तेव्हा वेळ १२.३५ ते १२.५० यांमध्ये कुठेही असू शकते.

त्र्यंबकवासी

मग होऱ्याचे साठ पक्के धरता येणार नाहीत. दोन्ही बाजूंनी तक्ता काढून ठेवावा.

खगोल_गंगापूर

एक विचारू का? तक्त्यात रवीचे अयनबल २१ आणि चेष्टाबलही २१ आहे. दोन्ही आकडे सारखे कसे?

जुने_पंचांग

रवीला वक्री गती नाही, म्हणून त्याचे अयनबलच चेष्टाबल म्हणून घेतात. आणि रवीचे अयनबल दुप्पट करायचे, असा नियम आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला पंधरा अंशांहून थोडा अधिक असतो, त्यावरून अयनबल साडेदहा येते आणि दुप्पट केल्यावर एकवीस. हा तक्ता दुप्पट करणाऱ्या पद्धतीचा आहे. दुप्पट न करणाऱ्या पद्धतीत दोन्ही ठिकाणी साडेदहा येतील आणि रवीचे एकूण आणखी एकवीसने घटेल. त्यामुळे क्रम बदलत नाही, पण दोन संगणकांचे तक्ते का जुळत नाहीत, याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

नवशिका_सिडको

म्हणजे तक्ता मिळाला की आधी तीन गोष्टी पाहायच्या का : रवीची मर्यादा पाच की साडेसहा, अयनबल दुप्पट आहे का, आणि होरा कोणत्या मिनिटाला बदलतो?

जुने_पंचांग

या पत्रिकेपुरते हो. रात्रीचा जन्म असता तर मी काही वेगळेच पाहिले असते. आपल्या गुरूसाठी आधी दिग्बल आणि मग चेष्टाबल पाहावे.

सुलभा_कॉलेजरोड

गोदाकाठताई, अंगठीचे काय ठरले?

गोदाकाठ

काल रात्री भावाला हा सगळा धागा वाचून दाखवला. मर्यादेची ओळ त्याने स्वतः भिंग लावून पाहिली आणि शनीच्या चेष्टाबलापाशी बराच वेळ थांबला. अंगठी घडवायला टाकलेली नाही. त्या ज्योतिषांना फोन करून रवीची मर्यादा साडेसहा घेऊन आणि वेळ १२.३५ धरून दुसरा तक्ता मागितला आहे. त्यांनी चार दिवसांनी बोलावले आहे. तक्ता आला की मंगळाच्या आकड्यांसह इथेच देते.

अण्णा_देवळाली

द्यावा. त्या वेळच्या दृष्टी आणि नवमांशही द्यावेत, म्हणजे मी माझ्या पद्धतीने हाताने मांडून पाहीन आणि दोन्हींची तुलना करू.